ताटाचा खेळ : झाकणं मोजून केलेल्या नोंदी

सोमवार, ७ जुलै २०२५

अकोले तालुक्याच्या डोंगराकडच्या भागातली आमची शाळा, पहिली ते पाचवी. पटावर ३८ मुलं, आज हजर २६. आवणी सुरू आहे, मोठी मुलं रोपं वाहायला शेतात गेली आहेत.

तिसरी ते पाचवीच्या २१ मुलांसाठी एक खेळ करायचा ठरवला आहे. पदार्थांची चित्रं ओळखून ती ताटात योग्य जागी लावायची. परिसर अभ्यासाच्या तासाला ‘समतोल आहार’ म्हटलं की मुलं सफरचंद, द्राक्षं, चीज अशी उत्तरं देतात. यातलं चीज इथल्या एकाही मुलाने पाहिलेलं नाही. म्हणून खेळात फक्त इथे पिकणारं, इथे शिजणारं आणि दुपारी शाळेत वाढलं जाणारं अन्नच घ्यायचं.

लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर २४ चित्रं काढली : भात, नाचणीची भाकरी, वरई, बाजरी, उडीद, हुलगे, मटकी, मूगडाळ, शेंगदाणे, दूध, अंडं, बोंबील, बटाटा, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कुरडू, टोमॅटो, पेरू, करवंदं आणि असंच आणखी. गट पाठ्यपुस्तकाच्या पद्धतीने तीन ठेवले : ऊर्जा देणारे, अंग वाढवणारे, रोगांपासून राखणारे. ओळखायला सोपं जावं म्हणून चित्रांभोवती स्केचपेनने चौकटी काढल्या, अनुक्रमे लाल, पिवळी आणि हिरवी.

बुधवार, ९ जुलै

पहिला डाव झाला. दहा मिनिटांत मुलांच्या चारही गटांनी सगळी चित्रं बरोबर लावली. आनंद झाला, पण टिकला नाही. पहिलीतली एक मुलगी मोठ्या बहिणीशेजारी बसली होती. तिनेही सगळी चित्रं बरोबर लावली. तिला विचारलं, “हुलगे इथं का ठेवलेस गं?” ती म्हणाली, “पिवळ्याला पिवळं.”

म्हणजे मुलं अन्नाची नाही, चौकटीच्या रंगांची जुळणी करत होती. उत्तर चित्रावरच लिहून ठेवलं होतं मी. संध्याकाळी घरी बसून सगळ्या चौकटी कात्रीने कापून टाकल्या.

मंगळवार, १५ जुलै

चौकटी गेल्या आणि भांडणं सुरू झाली. खेळ आता खरा वाटतो आहे. सगळ्यात मोठा वाद शेंगदाण्याचा. एक गट म्हणतो अंग वाढवणारा, दुसरा म्हणतो तेल निघतं म्हणजे ऊर्जेचा. बटाटा भाजीवाल्याकडे मिळतो म्हणून भाजीत, की पोट भरतो म्हणून भातासोबत? दूध कुठे ठेवायचं? आणि घरी दूध फक्त चहापुरतं येत असेल तर?

दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं, म्हणून मी निकाल दिला नाही. एक अन्न एकच काम करतं ही मांडणीच चुकीची आहे. शेंगदाण्यात प्रथिनं डाळीइतकी असतात आणि चाळीस टक्क्यांहून जास्त तेलही असतं. मुलांना धरता येईल असा नियम मात्र हवा होता. बोलता बोलता तो सापडला, आम्ही त्याला ‘काढून बघा’ म्हणतो. पदार्थ ताटातून काढायचा आणि विचारायचं, आता ताटात काय कमी पडलं? वरईच्या भाताबरोबरच्या आमटीतले शेंगदाणे काढले तर अंग वाढवणारं काहीच उरत नाही, तेव्हा तिथे ते अंग वाढवणारे. भेंडीच्या भाजीवर भुरभुरलेलं चमचाभर कूट काढलं तरी ताटाचं फारसं बिघडत नाही, तेव्हा तिथे त्याला गणतीत धरायचं नाही. चहातलं दूधही असंच सुटलं.

म्हणजे पदार्थाची जागा एकट्या पदार्थावरून ठरत नाही, त्याच्या शेजारी काय आणि किती आहे त्यावरून ठरते. हे ‘किती’ चित्रांच्या पत्त्यांच्या खेळात कुठेच नाही.

शुक्रवार, १८ जुलै

पाचवीतल्या एकाने विचारलं, “बाई, भातानं अंग वाढत न्हाई का? आमचा आज्या तं नुसता भात खाऊन धट्टाकट्टा हाय.”

उत्तर देण्याआधी हिशोब मांडला. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेलं आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत हा निकष. १०० ग्रॅम तांदळात जवळपास ८ ग्रॅम प्रथिनं असतात, २० ग्रॅम मूगडाळीत पावणेपाच. म्हणजे ताटातली निम्म्याहून जास्त प्रथिनं तांदळातूनच येतात आणि आम्ही त्याच तांदळाला नुसतं ‘ऊर्जा देणारा’ म्हणत होतो.

मुलापुढे फळ्यावर हेच मांडलं आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे हे कबूल केलं. मग डाळ कशासाठी? इथे माळेचं उदाहरण उपयोगी पडलं. प्रथिनं म्हणजे वेगवेगळ्या मण्यांची माळ. तांदळात लायसिन नावाचा एक मणी कमी असतो, त्यामुळे बाकीचे मणी ढीगभर असले तरी माळ तेवढ्यावरच अडते. डाळीत तो मणी भरपूर असतो. डाळीत जो कमी, मेथिओनिन नावाचा, तो तांदळात असतो. दोन्ही एकत्र आले की माळा जास्त गुंफल्या जातात. वरण-भात, खिचडी, डाळ-बाटी अशी जोडीची जेवणं रुजली त्याला हा मोठा आधार आहे. मोजायचं तर दहा ग्रॅम डाळीतली प्रथिनं दहा ग्रॅम तांदळाच्या तिप्पट भरतात, हेही फळ्यावर लिहिलं.

गटांची नावं बदलली. ‘ऊर्जा देणारे’ऐवजी ‘धान्य’, ‘अंग वाढवणारे’ऐवजी ‘डाळ आणि सोबती’, तिसरा गट ‘भाजी-फळ’. एकच काम चिकटवणारं नाव नको.

गुरुवार, २४ जुलै

आजपासून पत्ते बाजूला आणि झाकणं पुढे. गावातल्या दुकानदाराने आणि लग्नाचे मंडप घालणाऱ्याने मिळून बाटल्यांची दीडशेवर झाकणं दिली. रंगवून पांढरी धान्याची, पिवळी डाळीची, हिरवी भाजी-फळाची केली. एक झाकण म्हणजे १० ग्रॅम, कच्चं आणि निवडलेलं. शाळेचं ताट आता मुलांना तोंडपाठ आहे : दहा पांढरी, दोन पिवळी, पाच हिरवी. तेलाचं अर्धं लाल झाकण कापून केलं.

मग ताट घेऊन आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्याशी गेलो. स्वयंपाकी मावशींनी मुलांसमोर काट्यावर मोजून सामान काढलं. हजेरी ३४, म्हणून तांदूळ ३ किलो ४०० ग्रॅम, मूगडाळ ६८० ग्रॅम, तेल १७० ग्रॅम. भाजी १ किलो ७०० ग्रॅम, त्यात बटाटे एक किलो, टोमॅटो अर्धा किलो, कांदे २०० ग्रॅम. चौथी-पाचवीच्या मुलांनी प्रत्येक वजनाला ३४ ने भागलं. गणिताचा तास वेगळा घ्यावा लागला नाही.

भागाकार झाल्यावर ताट मांडलं. दहा पांढरी, दोन पिवळी. भाजीत बटाट्याची तीन झाकणं, टोमॅटोची दीड, कांद्याचं अर्धं. बेरीज पाच, ताट भरलेलं. मग एक मुलगी म्हणाली, “बटाटा काढून बघू.”

तीन झाकणं उचलली आणि हिरवी दोनच उरली.

बटाटा पांढऱ्यात टाकावा असं काहींचं म्हणणं पडलं. तेही बरोबर नाही. बटाट्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, त्यामुळे बटाट्याची तीन झाकणं तांदळाच्या तीन झाकणांइतकी ऊर्जा देत नाहीत, एका झाकणाएवढीही जेमतेम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वर्गीकरणातही कंदमुळं इतर भाज्यांपासून वेगळी धरतात. म्हणून कंदांसाठी तपकिरी झाकणं केली. ती ताटाच्या कडेला ठेवायची, हिरव्यात मोजायची नाहीत.

मावशी सगळं ऐकत होत्या. त्यांनी सांगितलं की पावसाळ्यात बटाटा टिकतो आणि आठवड्याच्या बाजारातून एकदाच आणता येतो, बाकीचं सडतं. ही अडचण खरी आहे. लाल भोपळा मात्र बटाट्यासारखाच टिकतो, हेही त्यांनीच सुचवलं. पुढच्या बाजाराच्या यादीत भोपळा लिहिला.

सोमवार, २८ जुलै

श्रावणातला पहिला सोमवार, सकाळची शाळा. चार-पाच मुलांचा उपवास, घरोघरी आयांचा तर आहेच. म्हणून आज उपवासाचं ताट लावलं.

साबुदाण्याच्या खिचडीचं ताट मुलांनी असं मांडलं : साबुदाण्याची आठ पांढरी, बटाट्याची तीन तपकिरी, शेंगदाण्याचं एक पिवळं आणि तुपाचं अर्धं लाल. हिरवं काहीच नाही. इथे आणखी एक गोष्ट सांगावी लागली, ती झाकणांतून दिसत नाही. तांदळाच्या झाकणात थोडी तरी प्रथिनं असतात, साबुदाण्याच्या झाकणात जवळजवळ नसतातच, तो निव्वळ पिष्ट आहे. म्हणून साबुदाण्याच्या पांढऱ्या झाकणांवर पेनने फुली मारली. फुलीचं झाकण म्हणजे पोट भरेल, माळेचा मणी मात्र मिळणार नाही.

दुसरं ताट वरईचं. वरई इथल्या उतारावर पिकते, घरात असते. वरईचा भात, शेंगदाण्याची आमटी, सोबत काकडीची कोशिंबीर. दहा पांढरी बिनफुलीची, दोन पिवळी, चार हिरवी. उपवासही मोडला नाही आणि ताटही भरलं. “हे तर रोजच्यापेक्षा चांगलं झालं,” असं तिसरीतला एक म्हणाला आणि शेजारच्याला झाकणं मोजून दाखवू लागला.

शुक्रवार, १ ऑगस्ट

आज मी एक चूक केली, ती सविस्तर लिहून ठेवते.

काल घरी जाताना मुलांना सांगितलं होतं की रात्री जे जेवाल ते आठवून या, उद्या झाकणांनी मांडू. आज एकेकाने ताट मांडलं. चौथीतली एक मुलगी दहा पांढरी ठेवून थांबली. मी विचारलं, “सोबत काय होतं?” ती म्हणाली, “मिरचीची चटणी.” बाकीची मुलं तिच्या ताटाकडे बघत होती. कोणी हसलं नाही, पण तिने दहापैकी दोन झाकणं उचलून त्यांच्या जागी दोन पिवळी ठेवली आणि म्हणाली, “वरण पन होतं.” नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

आवणीच्या दिवसांत घरातली साठवण संपत आलेली असते, मजुरी अजून हातात नसते. हे मला ठाऊक असताना मी मुलांकडून घरची गरिबी वर्गासमोर मांडून घेत होते. शिवाय अशा विचारण्यातून खरी माहितीही मिळत नाही, मुलं लाजेने ताट भरतात.

खेळाचा नियम आजच बदलला. कोणाच्याही घरचं ताट वर्गात मांडायचं नाही. त्याऐवजी मी ताटाची चिठ्ठी काढते, एका मनाने रचलेल्या घराची. ‘घरात तांदूळ, हुलगे, मीठ-मिरची आहे. कुंपणाला शेवगा आहे. पैसे खर्च करायचे नाहीत. ताट लावा.’ आजच्या चिठ्ठीला त्याच मुलीने सगळ्यात चांगलं ताट लावलं : दहा पांढरी, हुलग्याच्या पिठल्याची तीन पिवळी, शेवग्याच्या पाल्याची तीन हिरवी. पाला डाळीत शिजवायचा की वेगळा परतायचा, हेही तिने सांगितलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

झाकण कच्च्या वजनाचं का, शिजलेल्याचं का नाही, हा प्रश्न कधीतरी येणारच होता. तोंडी सांगण्याऐवजी प्रयोग केला. मावशींनी एका पातेल्यात १०० ग्रॅम तूरडाळीचं घट्ट वरण केलं, दुसऱ्यात तेवढ्याच डाळीची पातळ आमटी. सारख्या वाट्यांनी मोजलं तर वरण पाच वाट्या झालं, आमटी अकरा वाट्या. म्हणजे घट्ट वरणाच्या वाटीत २० ग्रॅम डाळ, आमटीच्या वाटीत नऊच्या आसपास. वाटी तीच आणि नावही डाळच, झाकणं मात्र एकीकडे दोन आणि दुसरीकडे जेमतेम एक.

मुलांनी आमटी ढवळून पळी वरून आणि तळातून अशी दोनदा काढली. वरच्या पळीत पाणी, खालच्या पळीत डाळ. तेव्हापासून वाढण्याआधी पातेलं तळापासून ढवळायचं काम पाचवीतल्या दोघांनी स्वतःहून घेतलं आहे. माझ्या चव रजिस्टरमध्येही आता ‘चव चांगली’ याच्या पुढे ‘घट्ट’ किंवा ‘पातळ’ असं लिहिते.

बुधवार, १३ ऑगस्ट

रानभाज्यांचे पत्ते मुलांनीच केले. मला कुरडू, टाकळा, फोडशी आणि तेरा म्हणजे रानअळू एवढ्या माहीत होत्या. मुलांनी आणखी सहा आणल्या, त्यातल्या दोनांची नावं मी पहिल्यांदाच ऐकली. ओळख पटवायला पानं आणून वहीत दाबली, आणि प्रत्येक भाजी घरातल्या मोठ्या माणसाने ओळखल्याशिवाय पत्ता करायचा नाही असं ठरवलं. रानातलं काहीही तोडून खाणं हा या खेळाचा भाग होता कामा नये.

तेऱ्यावर बरीच चर्चा झाली. तो नीट शिजवला नाही तर घशाला खाज सुटते. मुलांना कारण हवं होतं. पानात कॅल्शिअम ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक खडे असतात, ते टोचतात. आज्या चिंच किंवा आमसूल घालतात आणि भरपूर शिजवतात ते त्यासाठीच. याच कारणाने अशा पानांमधलं सगळं कॅल्शिअम शरीराला मिळत नाही, ऑक्सलेट ते धरून ठेवतं. नाचणीचं तसं नाही का, असं एकाने विचारलं. नाचणीतही काही घटक कॅल्शिअम अडवतात, पण तिच्यात ते मुळातच खूप आहे, १०० ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास. पांढऱ्या तांदळात दहाही नसतं. म्हणून नाचणीच्या पांढऱ्या झाकणावर आता खडूने हाडाचं चित्र आहे. ते चित्र मुलांना आवडलं, पण आणखी खुणा वाढवायच्या नाहीत असं मी ठरवलं आहे. फुली आणि हाड, बस. प्रत्येक गुणाला खूण दिली तर पुन्हा पत्त्याच्या चौकटीसारखं होईल, मुलं खूण वाचतील आणि अन्न विसरतील.

याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या देशी वाणांबद्दल बोललो. मुलांना ती आपल्याकडची गोष्ट वाटते. दोघींनी घरून वालाचं आणि घेवड्याचं बी आणलं, परसबागेत कुंपणाशी लावलं.

शनिवार, २३ ऑगस्ट

ताटात वाढलं म्हणजे पोटात गेलं असं नाही. गेले पाच दिवस जेवणानंतर एक फेरी घेते. मुलं हात धुण्याआधी झाकणांचं ताट मांडतात आणि जे उष्टं टाकलं त्याची झाकणं उचलतात. नावं लिहीत नाही, फक्त बेरीज.

चित्र लगेच दिसलं. भात आणि डाळ संपते. उचलली जातात ती हिरवी. त्यातही भोपळ्याच्या मोठ्या फोडी आणि शेवग्याच्या पाल्याचे देठ. परवा मावशींनी भोपळा किसून डाळीबरोबरच शिजवला आणि पाला देठ काढून बारीक चिरून टाकला. त्या दिवशी उचललेली झाकणं निम्म्याहून कमी. काल पुन्हा मोठ्या फोडी केल्या, मुद्दाम, खात्री करायला. उचललेली झाकणं पुन्हा वाढली. म्हणजे चव नाही तर आकार आडवा येत होता, निदान भोपळ्याच्या बाबतीत. टोमॅटोची सालं मात्र कशीही चिरली तरी बाजूला काढली जातात, त्यावर अजून उपाय नाही.

किसायला वेळ लागतो. मावशी एकट्या, चूल एक. आठवड्यातून दोनच दिवस किसायचं असं आम्ही दोघींनी ठरवलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज तपासणी संपली. शिकवलेलं ताट विचारलं नाही. कधीच न मांडलेला पदार्थ दिला : वरणफळं. एकेकाला वेगळं बोलावलं, २१ मुलं, दोन दिवस लागले.

सतरा जणांनी पदार्थ सोडवला : गव्हाच्या पिठाची सात-आठ पांढरी, तूरडाळीची दोन-तीन पिवळी, फोडणीचं अर्धं लाल, आणि हिरव्याची जागा रिकामी. रिकामी जागा कशाने भरायची हे प्रत्येकाने वेगळं सांगितलं, शेवगा, मेथी, सोबत पेरू. दोघांना वरणफळं म्हणजे एकच वस्तू वाटली, त्यांनी सगळी पांढरीच झाकणं ठेवली. त्यांच्याबरोबर पदार्थ प्रत्यक्ष करून बघायला हवा.

उरलेल्या दोघांनी जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. त्यांनी तीन पांढरी, तीन पिवळी आणि वीस हिरवी ठेवली. “हिरवं जास्त म्हंजी चांगलं.” हे माझ्याच बोलण्यातून गेलं असणार, गेला महिनाभर मी हिरव्याच्याच मागे होते. गव्हाच्या पिठाच्या तीन झाकणांत शंभरेक कॅलरी. एवढ्यावर मूल दुपारी तीनला भुकेने पेंगेल, आणि ऊर्जा कमी पडली की शरीर डाळीतली प्रथिनं अंग वाढवायला न वापरता जाळायला घेतं. म्हणून खेळात नवा नियम आला : शाळेच्या ताटात दहा पांढरी आधी, मग बाकीचं. हिरवं वाढवायचं ते पांढरं काढून नाही.

हिरवं वाढवायचं का, याचं उत्तर त्यांना दिवसभराच्या हिशोबातून दिलं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसाच्या २००० कॅलरींच्या दिवसासाठी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी आणि ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत, फळं, दूध आणि तेलबिया वेगळ्या. मुलांना ही मापं लागू नाहीत, म्हणून फक्त प्रमाण घेतलं. दहा पांढऱ्यांमागे जवळपास साडेतीन पिवळी आणि सोळा हिरवी. शाळेत मिळतात दहाला दोन आणि पाच. शाळेचं ताट दिवसाच्या अन्नाचा एक भाग म्हणून आखलेलं आहे, सगळा दिवस त्याने भरत नाही. उरलेली झाकणं सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणात यावी लागतात. आमच्या मनाने रचलेल्या घरांच्या चिठ्ठ्या आता दिवसभराच्या करते आहे, तीन ताटांच्या.

तेवढ्यात तिसरीतल्या एकीने विचारलं की घरी खुरासणीची चटणी असते, तिला कोणतं झाकण? खुरासणी अजून फुलायची आहे, महिनाभरात उतारावर पिवळी दिसेल. तेलबिया आहे, प्रथिनंही बरीच असतात, पण भाकरीबरोबर खातात ती चमचाभर. “काढून बघा,” असं मी म्हणाले. तिने चटणी काढली, ताट पाहिलं, परत ठेवली. मग घरून थोडी चटणी आणून काट्यावर मोजते म्हणाली. उद्या चमचा आणि काटा दोन्ही बाहेर काढून ठेवायचे आहेत.